तास, नग की महिना? व्हर्च्युअल असिस्टंटच्या कामाची बोली

दुसऱ्याचा पत्रव्यवहार पाहायचा, त्याच्या भेटीगाठींच्या वेळा लावायच्या आणि त्याच्याकडची माहिती तक्त्यात भरायची, ही कामे साहेबांचे स्वीय सहायक पूर्वापार करत आले आहेत. आता ती साहेबांच्या केबिनबाहेर बसून करावी लागत नाहीत, एवढाच फरक. 2005 मध्ये ए. जे. जेकब्स या अमेरिकी लेखकाने आपली रोजची कामे बंगळुरूतल्या सहायकांवर सोपवून पाहिली आणि तो अनुभव ‘एस्क्वायर’ मासिकात लिहिला. दोन वर्षांनी आलेल्या टिमोथी फेरिस यांच्या ‘द फोर-अवर वर्कवीक’ या पुस्तकाने ही कल्पना जगभर पोचवली. तेव्हा मधे कंपनी असायची. आज सातारा किंवा अकोल्यातली एकटी व्यक्ती थेट लंडनच्या किंवा पुण्याच्या क्लायंटशी बोली करते.

अडचण येते ती या बोलीतच. काम येत असते, पण पैसे कशाचे सांगायचे ते ठरत नाही. तासाचे सांगावेत, नगाचे, की महिन्याचे? या लेखात इनबॉक्स, कॅलेंडर आणि डेटा एन्ट्री या तीन नेहमीच्या कामांचा त्या अंगाने आढावा घेतला आहे. सुरुवातीलाच सांगायचे तर ही तीन कामे एकाच मापाने मोजता येत नाहीत. ‘सगळे मिळून महिना इतके’ असे सांगणारा बहुतेक वेळा तोट्यात जातो, कारण प्रत्येक काम वेगळ्या कारणाने वाढते.

तीन बोली, तीन धोके

तासावर काम घेणे सर्वांत सोपे वाटते. किती वेळ लागेल याचा अंदाज नसताना तेच योग्यही असते. पण हात बसला की कमाई घटते. पहिल्या महिन्यात चाळीस तासांचे काम चौथ्या महिन्यात तीस तासांत होऊ लागले, तर शिकल्याचा फायदा सगळा क्लायंटला मिळतो. शिवाय तास सिद्ध करावे लागतात. अपवर्कवर तासांच्या करारात काम करणाऱ्याच्या स्क्रीनची छायाचित्रे दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एकदा घेतली जातात. कुणाला त्याची सवय होते, कुणाला सतत पाठीशी उभा असलेला मुकादम वाटतो.

नगावर घेतलेल्या कामात हिशेब स्वच्छ असतो, मात्र सगळे नग सारखे हवेत. छापील बिलावरून दहा रकाने भरणे आणि डॉक्टरांच्या हस्ताक्षरातल्या केसपेपरवरून तेच दहा रकाने भरणे, हे दोन्ही मोजायला ‘एक नोंद’च असते. दुसऱ्याला तिप्पट वेळ जाऊ शकतो.

महिन्याच्या ठरीव रकमेत दोघांनाही स्थैर्य मिळते. क्लायंटला खर्च आधी कळतो आणि असिस्टंटला भाड्याच्या तारखेची धास्ती राहत नाही. इथे धोका हद्दीचा. रकमेला आकडा आहे, पण कामाला नाही, असे झाले की ‘जरा हेही बघ ना’ सुरू होते. म्हणून महिन्याच्या पॅकेजमध्ये रकमेइतकाच कामाचा आकडा महत्त्वाचा. तो कोणता घ्यायचा, हे प्रत्येक कामाच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही.

इनबॉक्स: मेलपेक्षा निर्णय महत्त्वाचे

रोज ऐंशी मेल येणारा इनबॉक्स ऐकायला अवजड वाटतो. आठवडाभराचे मेल उघडून नीट वर्गवारी केली की चित्र बदलते. बरेचसे मेल वृत्तपत्रिका, पावत्या आणि सूचनांचे असतात. ते फिल्टरने आपोआप लेबलाखाली जातात. काहींना ठरलेले उत्तर पुरते: शुल्क किती, पुढची बॅच कधी, पत्ता काय. त्यासाठी टेम्पलेट करून ठेवता येतात. खरी कसोटी लागते ती उरलेल्या मेलमध्ये, जिथे कुणीतरी ठरवायचे असते. हे काम घ्यायचे का, सवलत द्यायची का, तक्रारीला काय म्हणायचे.

या तिसऱ्या गठ्ठ्यातला निर्णय असिस्टंटने घ्यायचा नसतो, तयार करून द्यायचा असतो. म्हणजे मेलचा सारांश एका ओळीत, उत्तराचा मसुदा, आणि ‘हो किंवा नाही एवढेच कळवा’. दिवसाअखेरीस जो गोषवारा पाठवायचा त्यात तीन गोष्टी पुरतात: तुमचा निर्णय कशावर हवा, मी काय निपटले, कुणाच्या उत्तराची वाट पाहतो आहोत. क्लायंट पैसे देतो ते या गोषवाऱ्यासाठी. ऐंशी मेल वाचल्याचे त्याला काही नसते, आपल्याला ते वाचावे लागले नाहीत याचे असते.

बिघडते कुठे? बहुतेकदा फिल्टरमध्ये. ‘इन्व्हॉइस’ शब्द असलेले सगळे मेल `Skip the Inbox` करून लेबलाखाली पाठवले, तर एखाद्या मोठ्या ग्राहकाचा ‘इन्व्हॉइसमध्ये चूक आहे’ हा मेलही तिकडेच जाऊन पडतो. फिल्टर शक्यतो शब्दावर न लावता पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर लावावा. आठवड्यातून एकदा फिल्टरची लेबले आणि स्पॅम दोन्ही चाळावीत, आणि हे चाळणे पॅकेजमध्ये लिहून ठेवावे. ते लिहिले नाही तर कुणीच करत नाही.

प्रवेशाचा प्रश्नही इथलाच. क्लायंट सहज पासवर्ड पाठवून देतो, पण तो घेऊ नये. जीमेलमध्ये खाते दुसऱ्याला हाताळायला देण्याची सोय सेटिंग्जमध्ये `Grant access to your account` या नावाने आहे. त्यातून मेल वाचता, पाठवता आणि काढून टाकता येतात, पासवर्ड मात्र बदलता येत नाही. क्लायंटला तो प्रवेश एका क्लिकने काढूनही घेता येतो. उद्या खात्यात काही गडबड झाली, तर पासवर्ड आपल्याकडे नव्हता हे सांगता येणे हीच मोठी सुरक्षा असते.

आणि एक नियम लेखी हवाच. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम या खात्यावर पाठवा’ असा मेल आला, तर तो कितीही ओळखीच्या पत्त्यावरून आलेला असो, असिस्टंटने त्यावर कृती करायची नाही. क्लायंटने त्या पुरवठादाराला जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. व्यापारी मेलमधल्या मोठ्या फसवणुकी याच वाटेने होतात.

कॅलेंडर: घड्याळाचा घोळ

कॅलेंडरचे माप भेटी. पण एका भेटीची वेळ ठरवायला एक निरोप लागतो की सात, यावर खरी मेहनत ठरते. त्यामुळे ठरलेल्या भेटींबरोबर बदललेल्या भेटीही वेगळ्या मोजाव्यात. पाच जणांची वेळ जुळवून ठरलेली बैठक आदल्या दिवशी हलली की पहिल्यापासून काम सुरू होते.

परदेशी क्लायंट असेल तर नवशिक्याची फजिती हमखास घड्याळ बदलते तेव्हा होते. भारतात वर्षभर एकच वेळ असल्याने ही गोष्ट आपल्या अंगवळणी नसते. समजा, लंडनच्या क्लायंटची दर मंगळवारची बैठक हिवाळ्यात तिथल्या दुपारी दोन वाजता आहे. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात. असिस्टंटने ती साडेसातची म्हणून भारतीय वेळेत नोंदवली. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळे तासभर पुढे गेली आणि मंगळवारी ती बैठक क्लायंटला दुपारी तीनला दिसू लागली. चूक कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण आपल्या पडद्यावर अजून साडेसातच असतात.

उपाय साधा आहे. ज्याच्या घड्याळात वेळ स्थिर राहायला हवी, त्याच्या टाइम झोनमध्ये नोंद करायची. गूगल कॅलेंडरमध्ये प्रत्येक नोंदीला वेगळा टाइम झोन देता येतो. इथे तो `Europe/London` असायला हवा होता. बैठकीत अमेरिकेतले कुणी असेल तर घोळ आणखी वाढतो. तिथली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतात, म्हणजे ब्रिटनच्या दोन-तीन आठवडे आधी. एरवी लंडनचे दुपारचे दोन म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ. त्या मधल्या आठवड्यांत न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे लंडनचा एकच वाजतो. तिन्ही देशांतली माणसे एका बैठकीत असतील, तर त्या काळातल्या नोंदी आधीच एकेक करून तपासाव्या लागतात. पॅकेजमध्ये ‘मार्च आणि ऑक्टोबरमध्ये घड्याळ-तपासणी’ अशी ओळ घालणारा असिस्टंट मला हुशार वाटतो. क्लायंटला न सुचलेली अडचण त्याला सुचली, हे त्या एका ओळीत दिसते.

डेटा एन्ट्री: आधी शंभर नोंदी

डेटा एन्ट्रीला महिन्याची ठरीव रक्कम क्वचितच शोभते. हे काम संपणारे असते, म्हणून ते नगावरच घ्यावे. मात्र दर सांगण्याआधी नमुना मागावा. क्लायंटने निवडून दिलेली सुबक पहिली पाने नकोत, गठ्ठ्यातून मधूनमधून काढलेल्या शंभर नोंदी हव्यात. त्या घड्याळ लावून भरायच्या.

समजा, शंभर नोंदींना अडीच तास लागले, म्हणजे नोंदीला नव्वद सेकंद. एकूण नोंदी तीन हजार असतील तर 75 तास. तपासणी आणि दुरुस्तीचे सुमारे 11 तास धरले की 86. आपला तासाचा दर 400 रुपये असेल तर 34,400 रुपये होतात, नोंदीला साडेअकरा. नमुना ताज्या डोळ्यांनी भरलेला असतो, सहाव्या तासाला तो वेग राहत नाही. म्हणून 13 रुपये सांगावेत. याच हिशेबाने नोंदीला एक रुपया देणाऱ्याच्या कामात तासाला चाळीस रुपये पडतात, हेही कळते.

चुका कुठे होतात ते आधीच माहीत असते. एक्सेलमध्ये शून्याने सुरू होणारा क्रमांक टाकला की शून्य गळते, आणि पंधरापेक्षा जास्त अंकांचा क्रमांक आकडा म्हणून टाकला की पंधराव्यानंतरचे अंक शून्य होतात. त्यामुळे खाते क्रमांक आणि फोन नंबरचे रकाने भरायला घेण्याआधीच `Text` करून ठेवायचे, नंतर करून गेलेले अंक परत येत नाहीत. तारखांचे तसेच. 03/04/2025 ही आपल्याकडे 3 एप्रिल, अमेरिकेत 4 मार्च. एक्सेल तारखेसारख्या दिसणाऱ्या कशाचीही तारीख करते. जनुकांची MARCH1 आणि SEPT1 सारखी नावे तक्त्यात सतत तारखा होऊन बसत, म्हणून 2020 पर्यंत अशा जनुकांची अधिकृत नावेच बदलण्यात आली. मराठी नावांचा घोळ आणखी निराळा. एकाच घरातला माणूस कधी Jadhav असतो, कधी Jadhao. असे स्पेलिंग स्वतःच्या मनाने ‘सुधारू’ नये, कागदावर आहे तसेच ठेवून शेजारच्या रकान्यात शेरा मारावा.

दुबार नोंदी शोधायला एक सूत्र पुरते. फोन नंबर C रकान्यात असेल तर:

```
=COUNTIF(C:C,C2)>1
```

ज्या ओळीसमोर `TRUE` येईल ती पाहायची, लगेच पुसायची नाही. नवरा-बायकोचा नंबर एकच असू शकतो.

याच क्षेत्रात फसवणूकही सर्वांत जास्त. ‘घरबसल्या डेटा एन्ट्री’ म्हणून आधी नोंदणीचे पैसे घेतात, करारावर सही घेतात, अशक्य वाटावी इतकी अचूकता मागतात. काम दिल्यावर चुका जास्त निघाल्या म्हणून दंड मागतात आणि वकिलाची नोटीस पाठवू असा दम देतात. काम देणारा काम मिळवणाऱ्याकडून पैसे मागतो तिथेच थांबावे. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे, नोटिशीला घाबरून आणखी भरू नयेत.

एक पॅकेज मांडून पाहू

साताऱ्यातली एक असिस्टंट धरू. महिन्याला 30,000 रुपये घरी यायला हवेत. इंटरनेटच्या दोन जोडण्या, इन्व्हर्टर, लॅपटॉपची झीज आणि हिशेबनीस मिळून 6,000 खर्च. ती महिन्याला 150 तास टेबलाशी बसते, पण क्लायंट शोधणे, बिले करणे, शिकणे यांत बराच वेळ जातो. पैसे मिळणारे तास 90 धरले, तर 36,000 भागिले 90, म्हणजे तासाला 400 रुपये. हा दर ती कुणाला सांगणार नाही. पॅकेज याच्या खाली जाऊ नये, यासाठी तो तिच्यापुरता.

क्लायंट लंडनमधला व्यवस्थापन प्रशिक्षक. कामाच्या दिवसाला साधारण 80 मेल, महिन्याला 40 भेटी. तिने दोन आठवड्यांचे जुने मेल वर्गवारी करून पाहिले. रोजचे 45 मेल फिल्टरने जाणारे, त्यांवर नजर टाकायला पाच मिनिटे. 20 ठरावीक उत्तरांचे, प्रत्येकी दोन मिनिटे. 10 निर्णयाचे, मसुद्यासह एकूण पंधरा मिनिटे. 5 खासगी, ते बाजूला काढायला पाच मिनिटे. गोषवाऱ्याला दहा. एकूण 75 मिनिटे, बावीस दिवसांचे साडेसत्तावीस तास.

कॅलेंडरच्या 40 भेटींना प्रत्येकी बारा मिनिटे म्हणजे आठ तास, आणि महिन्यात बदलणाऱ्या बारा-एक भेटींचे दोन तास. सगळे मिळून साडेसदतीस. न धरलेल्या गोष्टींसाठी पंधरा टक्के वाढवले की 43 तास, म्हणजे 17,200. तिने महिना 17,500 ठरवले. फिल्टर, टेम्पलेट आणि कामाची पुस्तिका तयार करण्याचे दहा तास सुरुवातीला एकदाच लागणार, त्याचे 4,000 वेगळे.

आता हद्द. महिन्याला 1,760 मेल आणि 40 भेटी. दहा टक्क्यांपर्यंतच्या चढउताराचा हिशेब करायचा नाही. त्यावर दर 200 मेलमागे 1,250 रुपये. हा आकडाही हवेतला नाही. 1,760 मेलना साडेसत्तावीस तास, तर 200 मेलना तीन तासांच्या वर थोडे. प्रशिक्षकाने नवा अभ्यासक्रम जाहीर केला आणि मेल दुप्पट झाले, तर कुणी कुणावर रागावायचे कारण उरत नाही.

चौथ्या महिन्यात टेम्पलेट जमून आल्यावर हेच काम तीस तासांत होऊ लागले असे धरा. तासाने घेतले असते तर तिला 12,000 मिळाले असते. पॅकेजमध्ये 17,500च मिळतात, तासाला सुमारे 583 पडतात, आणि क्लायंटचे काही बिघडत नाही, कारण त्याला हवा तो गोषवारा वेळेवर येतोच आहे. पॅकेज करण्याचे सर्वांत भक्कम कारण हे आहे.

या प्रशिक्षकाने मधेच जुन्या तीन हजार व्हिजिटिंग कार्डांची यादी करायला सांगितली तर? ते काम या पॅकेजमध्ये सामावून घेऊ नये. त्याची बोली वेगळी, नोंदीवर.

कागदावर काय लिहावे

कराराचे एक पान पुरते. काय केले जाईल आणि किती, हे वर आलेच. त्याखाली काय केले जाणार नाही ते लिहावे: बँकेचे व्यवहार, ओटीपी घेणे, क्लायंटच्या नावाने दर ठरवणे. मग वेळ. ‘दिवसभर उपलब्ध’ हे शब्द टाळून मेल दिवसातून दोनदा, कोणत्या वेळी पाहिले जातील ते लिहावे. क्लायंटला खरोखरच कुणीतरी सतत हजर हवे असेल, तर ते पॅकेज नसून अर्धवेळ नोकरी झाली आणि त्याचा मोबदला बांधून ठेवलेल्या तासांचा घ्यावा. शेवटी काम थांबवण्याची मुदत आणि त्या दिवशी करायच्या गोष्टी: प्रवेश काढणे, पुस्तिका सोपवणे, आपल्या संगणकावरच्या प्रती पुसणे.

पैसे महिन्याच्या सुरुवातीला घ्यावेत. फायव्हरवर तीन पायऱ्यांची पॅकेजे लावायची सोय आहे, पण तिथे विक्रेत्याच्या रकमेतून वीस टक्के कापले जातात. 17,500 हातात हवेत तर 21,875 लावावे लागतात. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची असल्याने सुरुवातीला ती बहुतेकांना लागत नाही. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला मात्र पहिल्या दिवसापासून जपावा. प्राप्तिकराच्या वेळी आणि कर्ज काढताना तोच कामी येतो.

मग कोणती बोली बरी?

अनोळखी क्लायंट, अनोळखी काम असेल तर पहिला महिना तासावर घ्यावा, आणि तो मोजमापाचाच महिना आहे असे उघड सांगावे. आकडे हाती आले की इनबॉक्स आणि कॅलेंडर महिन्याच्या रकमेवर न्यावे, डेटा एन्ट्री नगावर ठेवावी. दर तीन महिन्यांनी आकडे पुन्हा पाहावेत. मेल सतत हद्दीच्या वर जात असतील तर पॅकेज वाढवावे, सतत खाली असतील तर स्वतःहून कमी करून द्यावे. क्लायंटचा इनबॉक्स मोजत्या डोळ्यांनी पाहण्याची सवय नसेल, तर यातली कोणतीच बोली वाचवत नाही. पुढच्या क्लायंटशी बोलताना पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ हा नको. ‘गेल्या दोन आठवड्यांचे मेल पाहायला मिळतील का?’ हा हवा.